वीस सेकंदांची यमकबद्ध जाहिरात

आठवडी भाजीबाजाराच्या श्राव्य जाहिरातीसाठी तुम्ही लिहिलेल्या मसुद्यात भाज्यांची नावे पुष्कळ आहेत, परंतु बाजाराचा वार एकदाच आणि तोही मध्येच येतो. नवोदितांची ही नेहमीची चूक आहे. श्रोत्याच्या कानात यमकाचा शब्द टिकतो, म्हणून तेथे वारच बसवावा:

मेथी, पालक, गवार न्यारी,
बाजार भरे दर रविवारी!

दोन्ही ओळी सोळा मात्रांच्या असल्याने निवेदक अडखळत नाही. ठिकाण आणि वेळ मात्र यमकात न कोंबता शेवटी साध्या गद्यात, सावकाश, दोनदा सांगावी. वीस सेकंदांत एकूण चाळीसेक शब्दच मावतात.

‘सेंद्रिय’ म्हणण्यापूर्वी विक्रेत्याचे, माल सेंद्रिय असल्याची हमी देणारे पीजीएस प्रमाणपत्र पाहावे आणि ‘रोग पळती’ यांसारखे दावे, यमक कितीही सुरेख जुळले तरी, वगळावेत. या ओळींना चाल लावण्याचा विचार तूर्त नको.