नवख्या टेस्टरची मुलाखत : काय विचारायचं, काय करून घ्यायचं

प्रश्न : जळगावात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. पहिल्यांदाच ज्युनियर क्यूए इंजिनियर घेतोय. इंटरनेटवरून प्रश्नांची यादी काढली, पण आलेल्या सगळ्या मुलांनी जवळजवळ सारखीच उत्तरं दिली. निवड कशावरून करायची?

तुमच्या यादीत ‘स्मोक टेस्टिंग म्हणजे काय’, ‘रिग्रेशन म्हणजे काय’ असे व्याख्येचे प्रश्न असणार. मुलं त्याच यादीवरून अभ्यास करून येतात, त्यामुळे उत्तरं जुळतात. पाठांतर झालंय एवढंच त्यातून कळतं. हातात स्क्रीन आल्यावर हा मुलगा किंवा ही मुलगी काय करेल, ते कळत नाही.

चार-पाचच प्रश्न ठेवा आणि प्रत्येकात एक प्रसंग द्या. सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी यांतला फरक विचारण्याऐवजी असं विचारा : ‘छापील पावतीवर ग्राहकाच्या पेढीचं नाव चुकलंय, बाकी हिशेब बरोबर आहे. उद्या सकाळी सॉफ्टवेअर त्यांच्याकडे सुरू व्हायचंय. हा बग किती गंभीर आणि किती तातडीचा?’ बिघाड म्हणून हा किरकोळ आहे, पण आजच दुरुस्त व्हायला हवा. ज्याला संकल्पना समजली आहे तो हे दोन भाग आपणहून वेगळे करतो. ज्याने व्याख्या पाठ केली आहे तो व्याख्या म्हणून दाखवतो आणि या पावतीपाशी अडकतो.

दुसरा प्रसंग : ‘तुम्ही बग नोंदवला आणि डेव्हलपर म्हणाला, माझ्या मशीनवर तर चालतंय. पुढे काय?’ ‘सीनियरला सांगेन’ हे उत्तर अपुरं आहे. ब्राउझर कोणता, लॉगिन कोणाचं, माहिती कोणती भरली होती, नवी आवृत्ती दोघांकडे तीच आहे का, यांपैकी दोन-तीन गोष्टी उमेदवाराने स्वतःहून काढायला हव्यात. तिसरा : ‘दहा स्क्रीन आहेत आणि तपासायला अर्धाच दिवस आहे. सुरुवात कुठून कराल?’ इथे उत्तराआधी प्रश्न आले तर बरं. या वेळी बदल कुठे झालाय, पैशाचा हिशेब कोणत्या स्क्रीनवर आहे, हे विचारणारा उमेदवार कामाचा. ‘सगळं थोडं थोडं बघेन’ म्हणणाऱ्याला एकदा खोदून विचारा. काही मुलं दबकून तसं म्हणतात आणि विचारल्यावर नीट बोलतात.

प्रश्न : प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं आहे. आम्ही ‘या पेनाची चाचणी करा’ किंवा ‘लिफ्टची चाचणी करा’ असं देत होतो. सॉफ्टवेअरवरचं प्रात्यक्षिक कसं बनवायचं? – भुसावळ

पेन-लिफ्टचीही उत्तरं आता पाठ असतात आणि त्यात बरोबर-चूक ठरवायला नियम नसतो. टेस्टरचं खरं काम नियम आणि स्क्रीन यांत कुठे फारकत झाली ते शोधण्याचं. म्हणून एक छोटी स्क्रीन, अर्ध्या पानाचे लेखी नियम आणि ४५ मिनिटं, एवढं पुरतं. विषय असा घ्या की ज्याची माहिती उमेदवाराला घरूनच आहे. आपल्याकडे केळीखरेदीची पावती उत्तम. रावेर-यावलकडच्या उमेदवाराला वजनकाटा समजावून सांगावा लागत नाही, धुळे-नंदुरबारच्यालाही दोन मिनिटांत कळतो.

मी बनवलेलं उदाहरण देतो. स्क्रीनवर तीनच रकाने : भरलेल्या ट्रकचं वजन किलोत, रिकाम्या ट्रकचं वजन किलोत आणि क्विंटलचा भाव. वजनाचे रकाने फक्त आकडे घेतात, भावाचा रकाना साधा मजकुराचा आहे. खाली निव्वळ वजन आणि एकूण रक्कम. दुसऱ्या स्क्रीनवर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ पावत्यांची यादी. नियम असे : निव्वळ वजन म्हणजे भरलेलं वजा रिकामं. माल ५० क्विंटल किंवा जास्त असेल तर क्विंटलमागे १० रुपये जादा भाव. यादीत दोन्ही तारखा धरून पावत्या याव्यात.

आता यात मुद्दाम चुका ठेवायच्या. पहिली सीमेवरची :

```js
if (weight > 50) bonus = 10;
```

नियमात ‘५० किंवा जास्त’ आहे, कोडमध्ये ‘५० पेक्षा जास्त’. भरलेलं ८२०० किलो, रिकामं ३२०० किलो आणि भाव १२०० टाका. माल बरोबर ५० क्विंटल, रक्कम ६०,५०० यायला हवी, स्क्रीन ६०,००० दाखवते. ४० आणि ६० क्विंटल टाकून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. ४९.९९, ५० आणि ५०.०१ टाकणाऱ्याला चूक लगेच सापडते. बाउंड्री व्हॅल्यू ॲनालिसिसची व्याख्या न विचारता ती येते का, हे असं कळतं.

दुसरी चूक माणूस जसं टाइप करतो त्यातली. व्यापाऱ्याचा मुनीम भाव `1,200` असा स्वल्पविरामासह लिहिणार.

```js
parseFloat("1,200")   // 1
```

जावास्क्रिप्ट स्वल्पविरामापाशी थांबतं आणि भाव एक रुपया धरतं. ४० क्विंटलचे ४८,००० व्हायला हवेत तिथे ४० रुपये छापले जातात आणि स्क्रीनवर एरर काही येत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा गप्प बसणारा बग सर्वांत वाईट. तो सापडल्यावर उमेदवार ‘हा गंभीर आहे’ असं स्वतःहून म्हणतो का, तेही टिपून ठेवा.

तिसरी चूक यादीत. ‘पर्यंत’ची तारीख तो दिवस सुरू होतानाच्या मध्यरात्री १२ ची धरली आहे, म्हणून शेवटच्या दिवसाच्या पावत्या गळतात. प्रत्यक्षातही हा बग वारंवार येतो. तो दिसण्यासाठी उमेदवाराला आजची एक पावती बनवून आजचीच तारीख दोन्हीकडे टाकावी लागते.

चौथी जागा चुकीची नाही, नियमांतल्या मौनाची आहे. दोन्ही वजनं उलटी भरली तर काय, हे नियमांत लिहिलंच नाही. वरचेच आकडे उलटे टाकले की स्क्रीन उणे ६०,००० रुपये दाखवते. काही उमेदवार हा सरळ बग म्हणून नोंदवतात, तेही चालेल. पण ‘नियमांत याबद्दल काही नाही, इथे काय व्हायला हवं?’ असं विचारणारा मला जास्त आवडतो. म्हणून सुरुवातीलाच सांगा, ‘शंका विचारा, आम्ही इथेच बसलोय.’ हे सांगितलं नाही तर आपल्याकडची बरीच मुलं परीक्षेसारखी खाली मान घालून बसतात आणि न विचारण्यालाच शिस्त समजतात.

प्रात्यक्षिक उमेदवारापुढे ठेवण्याआधी आपल्याच एखाद्या सहकाऱ्याला द्या, ज्याने ते बनवताना पाहिलेलं नाही. त्याचं दहा मिनिटांत उरकलं तर सोपं झालंय. पूर्ण वेळात अर्ध्यावरही पोचला नाही, तर बहुतेक वेळा चुका अवघड नसतात, नियमांची भाषा धूसर असते. ती आधी दुरुस्त करा. आणि उमेदवाराने तुम्ही न ठेवलेला बग दाखवला तर ‘तो यात धरत नाही’ म्हणू नका. आपल्या स्क्रीनवर तो करून बघा, निघाला तर पूर्ण गुण द्या.

प्रश्न : आम्ही दोघं मुलाखत घेतो. माझ्या सहकाऱ्याला सात बग शोधणारा आवडला, मला तीनच शोधणारी मुलगी. कोण बरोबर? – धुळे

बगांची संख्या मोजली तर ‘बटण थोडं डावीकडे आहे’, ‘रंग फिका आहे’ अशा नोंदी करणारा पुढे जातो. त्या मुलीचे तीन बग कोणते, ते आधी बघा. पैशाची रक्कम चुकवणारा एक बग दिसण्यातल्या पाच बगांवर भारी असतो.

गुण कशाला द्यायचे ते पहिल्या मुलाखतीआधीच कागदावर लिहा. माझ्याकडे चार गोष्टी असतात : कोणते आकडे टाकून बघायचे याची निवड, नियम वाचून विचारलेले प्रश्न, बगची नोंद आणि कोणता बग आधी सांगितला. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, आणि तीन गुणांचं काम कसं दिसतं याचं एक वाक्य सोबत. ‘निवड’ला तीन म्हणजे ५० च्या खालचा, ५० चा आणि वरचा असे तिन्ही आकडे स्वतःहून टाकले. दोघांनी आपापले गुण लिहून मगच एकमेकांशी बोलायचं. आधी बोललात तर मोठ्या पदावरच्याचं मत दोन्ही कागदांवर उतरतं.

प्रश्न : खेड्यातून आलेली मुलं अहिराणीत किंवा मराठीत छान समजावतात, पण बग इंग्रजीत लिहायला सांगितला की गडबडतात. अशांचं काय करावं? – शिरपूर

बोलण्याचा भाग त्यांना येईल त्या भाषेत होऊ द्या. तुमच्याकडे बग इंग्रजीतच नोंदवावे लागत असतील तर सापडलेल्यांपैकी एकच बग इंग्रजीत लिहून घ्या आणि व्याकरण तपासू नका. ती नोंद वाचून डेव्हलपरला काही न विचारता तोच बग पुन्हा घडवता येतो का, एवढंच तपासा. मुलाखतीच्या खोलीतच नोंदीबरहुकूम करून बघा, दोन मिनिटं लागतात.

‘रक्कम चुकीची येते, कृपया बघणे’ ही नोंद कितीही शुद्ध लिहिली तरी निरुपयोगी. याउलट ही बघा : ‘भाव `1,200` टाकल्यावर रक्कम चुकते. भरलेलं ७०००, रिकामं ३०००, भाव `1,200`, मग ‘हिशेब करा’. अपेक्षित ४८,०००. आलं ४०. स्वल्पविराम काढला की बरोबर येतं.’ शेवटचं वाक्य सोन्यासारखं. उमेदवार बग दिसल्यावर थांबला नाही, कारण कुठे आहे तिथवर गेला. असं मराठीत लिहिणारी मुलगी मोडक्यातोडक्या इंग्रजीतही हे लिहू शकते, आणि कामावर ते वाक्यांचे साचे लवकर अंगवळणी पडतात.

प्रश्न : वेळ वाचवायला प्रात्यक्षिक घरी करायला दिलं तर? आणि एकाच कॉलेजची मुलं एकमेकांना उत्तरं सांगतात, त्याचं काय?

घरी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. काम कोणी केलं ते कळत नाही, शिवाय ज्याच्याकडे लॅपटॉप नाही किंवा गावात वीज वेळेवर नाही तो उगीच मागे पडतो. मुलाखतीच्या दिवशी तुमच्याच मशीनवर घ्या. स्क्रीन नेटशिवाय उघडणारी असावी आणि आधीच्या उमेदवाराच्या पावत्या पुसलेल्या असाव्यात. दुसरं, घरी देताना तुमच्या चालू प्रॉजेक्टची चाचणी करून घेण्याचा मोह होतो. ते फुकटात काम करून घेणं झालं, ते करूच नका.

उत्तरं फुटणारच. म्हणून एकाच प्रात्यक्षिकाच्या दोन-तीन आवृत्त्या ठेवा. चुकांचे प्रकार तेच, जागा वेगळ्या : एकीत सीमा ५० क्विंटलवर, दुसरीत ३० वर आणि तिथे कोड बरोबर, पण ‘पासून’च्या तारखेत गफलत. पाठ केलेला उमेदवार ५० क्विंटलचा बग नोंदवतो, जो त्याच्या स्क्रीनवर नाहीच.

प्रश्न : सेलेनियम येतं का, हे विचारायचं की नाही?

जागा ऑटोमेशनची असेल आणि जाहिरातीत तसं लिहिलं असेल तर विचारा, आणि दहा ओळी समोर लिहून घ्या. नसेल तर त्याला गुण ठेवू नका. उमेदवाराने बायोडेटात लिहिलंच असेल, तर त्याने चालवलेली एक टेस्ट काय तपासत होती आणि ती कधी खोटी पास होऊ शकते, एवढं विचारा.