e.g. आणि i.e. यांतील गल्लत

तुमच्या मसुद्यात e.g. आणि i.e. ही संक्षिप्त रूपे एकमेकांच्या जागी आली आहेत आणि त्यामुळे एका वाक्याचा अर्थच बदलला आहे. ‘अर्जासोबत ओळखीचा पुरावा, i.e. पासपोर्ट, जोडावा’ असे तुम्ही लिहिले आहे. i.e. म्हणजे लॅटिनमधील ‘इद एस्त’, अर्थात ‘म्हणजेच’. त्यामुळे पासपोर्टखेरीज दुसरा कोणताही पुरावा चालणार नाही, असा या वाक्याचा अर्थ होतो. वाहन परवानाही चालणार असेल, तर तेथे e.g. हवे, कारण ‘एक्झेम्प्ली ग्राशिया’ म्हणजे ‘उदाहरणादाखल’, आणि उदाहरण दिले की इतर पर्याय आपोआप खुले राहतात. शंका आल्यास त्या जागी ‘म्हणजेच’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे शब्द आळीपाळीने ठेवून वाक्य मोठ्याने वाचावे. चुकीचा शब्द लगेच खटकतो.

e.g. ने सुरू केलेल्या यादीच्या शेवटी etc. लावू नये, कारण यादी अपुरी आहे हे आधीच सांगून झालेले असते. etc. मधील ‘एत’ म्हणजेच ‘आणि’, म्हणून त्याआधी पुन्हा and लिहिणे ही द्विरुक्ती होय.

viz. चा उपयोग आधी मोघम सांगितलेल्या गोष्टी नावानिशी आणि पूर्णपणे मोजून देण्यासाठी होतो: ‘दोन कागदपत्रे, viz. अर्ज आणि पावती’. त्यातील z हे अक्षर नसून, ‘विदेलिसेत’ या शब्दाचा शेवट आखडण्यासाठी जुने लेखनिक वापरत असलेल्या खुणेचा तो अवशेष आहे. मात्र आज हे रूप बहुतेकांना अपरिचित वाटते. मी स्वतः तेथे namely लिहितो.