मार्जिनचा अलर्ट आणि उलव्याचा फ्लॅट

प्रश्न: महाप्याला आयटीत नोकरी, घणसोलीत भाड्याने राहतो. बिटकॉइन १ लाख डॉलरवर असताना, भाव वाढेल म्हणून, फ्युचर्समध्ये ०.२ बिटकॉइनची लाँग पोझिशन घेतली. लिव्हरेज फक्त १० पट, आयसोलेटेड मार्जिन, १.८ लाख रुपये लावले. भाव पडला तसे तीनदा एकेक लाख टाकले. आता भाव ८७ हजार आहे आणि लिक्विडेशन प्राइस ७४ हजार दिसते. मार्जिन टाकण्याचा अलर्ट किती आधी लावावा? ऑटो टॉप-अप चालू करू का? अजून ६ लाख हाताशी आहेत. उलव्याच्या फ्लॅटच्या ताब्यासाठी ठेवलेल्या ९ लाखांतलेच, पण ताब्याला चार महिने आहेत, तोवर भाव वर येईल. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर: आधी अलर्टचं बोलू. तो मार्क प्राइसवर लावा, शेवटच्या सौद्याच्या भावावर नको. मार्क प्राइस अनेक एक्स्चेंजांवरच्या हजर भावांवरून काढतात आणि लिक्विडेशन, म्हणजे एक्स्चेंजने तुमची पोझिशन जबरदस्तीने बंद करणं, तिच्यावर ठरतं. चार्टवर मोठ्या आकड्यात दिसतो तो बहुतेक वेळा शेवटच्या सौद्याचा भाव असतो. पडझडीत या दोघांत चांगलंच अंतर पडतं.

ॲपच्या स्वतःच्या इशाऱ्यावर तर अजिबात विसंबू नका. मार्जिन रेशो ८० टक्के झाला की मेसेज येतो, हे ऐकायला बरं वाटतं. पण हिशोब करून बघा. लिक्विडेशन पैसे शून्य झाल्यावर होत नाही. पोझिशनच्या किमतीच्या साधारण अर्धा टक्का उरला, म्हणजे मेंटेनन्स मार्जिनपर्यंत आलात, की होतं. रेशो म्हणजे मेंटेनन्स मार्जिन भागिले तुमचं उरलेलं मार्जिन. तो ८० टक्के झाला म्हणजे तुमच्याकडे अर्ध्या टक्क्याऐवजी जेमतेम ०.६२ टक्के उरलेत. मधलं अंतर सव्वादशांश टक्का. ७४ हजारांच्या आसपास हे शंभर डॉलरसुद्धा होत नाहीत. तुम्ही यूपीआयचा पिन टाकेपर्यंत बिटकॉइन तेवढा हलून मोकळा होतो.

म्हणून अलर्ट ठेवायचाच तर ८१ हजारांवर, साडेआठ टक्के आधी. आणि लिक्विडेशन प्राइस एकदा लिहून ठेवून चालत नाही, रोज बघावी लागते, कारण ती सरकते. लाँगवाल्याला दर आठ तासांनी फंडिंग, म्हणजे भाव पडेल म्हणणाऱ्या समोरच्या बाजूला ठरावीक दराने पैसे, द्यावे लागतात. ०.०१ टक्का हा नेहमीचा दर धरला, तर तुमच्या पावणेसोळा लाखांच्या पोझिशनवर दिवसाला ४७० रुपये, महिन्याला १४ हजार. दर कमीजास्त होतो, कधी उलटही फिरतो, पण खात्यात सुटी शिल्लक नसेल तर ही रक्कम मार्जिनमधूनच जाते आणि भाव जागचा हलला नाही तरी लिक्विडेशन प्राइस महिन्याला पावणेआठशे डॉलर वर येते.

आता तुम्ही न विचारलेलं.

१.८ लाख आयसोलेटेडमध्ये, म्हणजे या एकाच पोझिशनपुरते, लावले तेव्हा तुमचं जास्तीत जास्त नुकसान १.८ लाख होतं. बिटकॉइन साडेनव्वद हजारांवर आला असता तर पोझिशन गेली असती, दोन दिवस वाईट वाटलं असतं, विषय संपला असता. या सौद्यातली एकमेव शहाणपणाची गोष्ट तुम्ही पहिल्याच दिवशी केली होती आणि मग प्रत्येक अलर्टला लाख लाख देऊन ती मोडलीत. प्रत्येक लाखाने लिक्विडेशन प्राइस साडेपाच हजार डॉलर खाली गेली, हे खरं. पण पोझिशन तेवढीच राहिली, तोटा तेवढाच राहिला आणि बुडू शकणारी रक्कम १.८ वरून ४.८ लाख झाली. आजचा तोटा सुमारे २.३५ लाख आहे. म्हणजे तुमचे असे २.४५ लाख उरले आणि त्यावर पावणेसोळा लाखांची पोझिशन उभी आहे. तीन लाख ओतूनही लिव्हरेज सहा पटींच्या वरच.

उरलेले ६ लाखही टाकलेत तर लिक्विडेशन प्राइस ४१ हजारांच्या आसपास जाईल. ‘इतका कशाला पडतोय’ असं वाटत असेल तर नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजारांजवळ असलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली गेला होता, हे बघून घ्या. तसं झालं तर बुडणारी रक्कम १.८ लाख नसेल, १०.८ लाख असेल.

ऑटो टॉप-अपचं म्हणाल तर ते चालू करू नका. ते फ्युचर्स वॉलेटमध्ये पडलेले पैसे आपोआप मार्जिनमध्ये ओढत राहतं, वॉलेट रिकामं होईपर्यंत. आयसोलेटेड निवडण्याचा अर्थच जातो. ‘सोय’ म्हणून हे विकणाऱ्यांबद्दल मी इथे न लिहिलेलंच बरं.

हाताने टाकायचे तरी काय होतं? रुपये एक्स्चेंजला पाठवा, यूएसडीटी हे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो घ्या, ते फ्युचर्स वॉलेटमध्ये हलवा, मग मार्जिनमध्ये टाका. बँकेने मध्येच व्यवहार अडवला की बसा. १० ऑक्टोबर २०२५ ला बिटकॉइन १ लाख २२ हजारांच्या आसपास होता, काही तासांत १ लाख ५ हजारांपर्यंत आला. जगभरात १९ अब्ज डॉलरहून जास्त पोझिशन लिक्विडेट झाल्या. आपल्याकडे तेव्हा ११ तारखेची मध्यरात्र उलटून गेली होती. ती घसरण १४ टक्क्यांची होती. तुमचं आजचं अंतर १५ टक्के आहे.

आणि ‘तोवर भाव वर येईल’ याला मी नियोजन म्हणत नाही. बरोबरीत यायलाच बिटकॉइन १५ टक्के वर जायला हवा, शिवाय चार महिन्यांचं पन्नासेक हजारांचं फंडिंग वेगळं. बिल्डरचं डिमांड लेटर बिटकॉइनचा भाव बघून येत नाही. शेवटचा हप्ता चुकला की त्यावर व्याज लागतं, ताबा लांबतो आणि तोवर घणसोलीचं भाडं चालूच.

माझं मत विचाराल तर पोझिशन आजच पूर्ण बंद करा. अर्धी बंद करून समाधान मानू नका. आयसोलेटेडमध्ये अर्धी काढली की बहुतेक ठिकाणी मार्जिनही अर्धं सुटतं आणि लिक्विडेशन प्राइस जिथल्या तिथे राहते. पूर्ण बंद केलीत तर शुल्क वगैरे वजा जाऊन २.४ लाखांच्या आसपास हाती येतील. यूएसडीटी विकताना एक टक्का टीडीएस कापला जाईल, तो रिटर्नमध्ये दाखवून वळता करून घ्या. फ्युचर्सचा तोटा रिटर्नमध्ये कसा मांडायचा हे सीएला विचारा, यूट्यूबला नको.

२.४ आणि ६ मिळून ८.४ लाख. उलव्यासाठी हवेत ९. म्हणजे आज खड्डा ६० हजारांचा आहे. महिन्याला १५ हजार बाजूला काढलेत तर चार महिन्यांत भरतो, तुमच्या पगारात हे अवघड नसावं. पुढच्या अलर्टला अजून लाख टाकलात आणि पोझिशन उडाली, तर हाच खड्डा ४ लाखांचा होईल आणि तो भरायला पर्सनल लोन काढावं लागेल.

आज बंद करवतच नसेल तर निदान ८१ हजारांवर अलर्टऐवजी स्टॉप-लॉस लावा, ट्रिगर मार्क प्राइसवर आणि ‘रिड्यूस ओन्ली’ची खूण करून, म्हणजे तो फक्त पोझिशन बंद करेल, नवी उघडणार नाही. तिथे बंद झाली तर सव्वा-दीड लाखाच्या आसपास परत येतील, वेगाने पडला तर त्याहून कमी. ६ लाखांची मात्र आजच चार महिन्यांची एफडी करा, बायकोच्या सहीची, दोघांच्या नावावर. फ्लॅटच्या कर्जात त्या सहकर्जदार असतील तर हप्ता चुकल्यावर सिबिल त्यांचाही खराब होणार आहे, तेव्हा १.८ आणि ३ लाखांचं काय झालं तेही सही घेताना सांगून टाका.