पडताळणीच्या मेलला उत्तर लिहिण्यापूर्वी

प्रिय,

तुझा मेल आणि त्यासोबत पुढे पाठवलेला नव्या कंपनीच्या रिक्रूटरचा कागदपत्र पडताळणीचा मेल, दोन्ही वाचले. पदवी प्रमाणपत्र, आजवरची सगळी एक्सपिरियन्स लेटर्स आणि सध्याच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर दोन दिवसांत पाठवा, असे त्यांनी म्हटले आहे. तुझ्याकडे पदवीचे फक्त तात्पुरते प्रमाणपत्र आहे आणि नोटीस पिरियड संपायला अजून तीन आठवडे आहेत. "जे आहे ते पाठवून देतो, बाकीचे विचारले तर बघू," असे तू लिहिले आहेस. तसे करू नकोस. आधी माझे म्हणणे वाच.

पडताळणी करणारा माणूस तुझ्या प्रामाणिकपणाचा निवाडा करायला बसलेला नसतो. त्याच्यासमोर एक तक्ता असतो आणि त्यात नाव, पदनाम, रुजू झाल्याची तारीख व शेवटचा कामाचा दिवस असे रकाने असतात. तू अर्जात दिलेली माहिती एका बाजूला ठेवायची, कागदावरची किंवा जुन्या कंपनीच्या एचआरने कळवलेली दुसऱ्या बाजूला ठेवायची आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे, एवढेच त्याचे काम. कागद मिळालाच नाही तर तो 'अपुरी माहिती' असा शेरा मारतो आणि कागद आला की तो शेरा निघतो. कागद आहे, पण त्यावरचा मजकूर तुझ्या माहितीशी जुळत नाही, असे झाले की 'तफावत' लिहिली जाते आणि ती मात्र अहवालात राहते. म्हणून जो कागद नाही त्याची फार धास्ती घेऊ नकोस, हाती असलेल्या कागदांकडे नीट लक्ष दे.

तुझी खरी अडचण पहिल्या कंपनीच्या तारखांत आहे आणि ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. रेझ्युमेत तू 'जून 2019 ते ऑगस्ट 2020' असे लिहिले आहेस. त्या कंपनीच्या रिलीव्हिंग लेटरवर शेवटचा दिवस 17 जुलै 2020 आहे. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत मात्र बाहेर पडल्याची तारीख 31 जुलै दिसते, कारण तिथे तारीख भरणाऱ्याने महिन्याचा शेवट टाकून दिला असावा. एकाच नोकरीच्या या तीन तारखा आहेत. पुढची नोकरी तू 5 ऑक्टोबरला धरलीस, म्हणजे रेझ्युमेप्रमाणे मधला खंड जेमतेम महिनाभराचा दिसतो आणि पत्राप्रमाणे तो अडीच महिन्यांहून जास्त भरतो. टाळेबंदीच्या त्या वर्षातल्या खंडाबद्दल तुला कोणी खोदून विचारेल असे मला वाटत नाही. पण तो झाकण्यासाठी ऑगस्ट लिहिले, असा अर्थ मात्र कोणीही काढू शकेल.

अशा वेळी कंपनीच्या लेटरहेडवरचे, सही-शिक्क्याचे पत्र प्रमाण मानायचे आणि बाकी सगळे त्याला जुळवून घ्यायचे. रेझ्युमे दुरुस्त कर, पडताळणीच्या फॉर्ममध्ये 17 जुलैच भर आणि तारीख बदलल्याचे मेलमध्ये स्वतःहून लिही. पीएफच्या तारखेसाठी जुलै 2020 ची पे-स्लिप शोध. तिच्यात पगाराचे दिवस 17 असतील तर तो एक कागद पीएफच्या नोंदीपेक्षा जास्त बोलका ठरेल. पीएफमधली तारीख जुन्या कंपनीसोबत संयुक्त अर्ज करून दुरुस्त करता येते, पण त्याला वेळ लागतो. ते काम सुरू कर आणि उत्तर मात्र त्यासाठी थांबवून ठेवू नकोस.

आता रिलीव्हिंग लेटर. हे पत्र शेवटच्या दिवशी किंवा त्यानंतर मिळते आणि काही कंपन्या तर सगळा हिशेब पूर्ण झाल्यावरच ते देतात. त्यामुळे आज ते तुझ्याकडे नसणे अगदी स्वाभाविक आहे आणि हे रिक्रूटरलाही ठाऊक असते. त्याच्या मेलचा मसुदा सगळ्यांना एकच जातो. पत्राऐवजी राजीनामा स्वीकारल्याचा एचआरचा मेल पाठव, पण त्यात शेवटचा कामाचा दिवस स्पष्ट लिहिलेला आहे ना, ते आधी पाहा. तो नसेल तर आजच एचआरला विचारून लेखी घे. सोबत शेवटच्या तीन महिन्यांच्या पे-स्लिपा जोड. पत्र अमुक तारखेला देतो, असा शब्द देऊ नकोस, कारण ती तारीख तुझ्या हातात नाही. 'शेवटच्या दिवसानंतर पत्र मिळताच पाठवीन,' एवढेच लिही.

पदवीचे प्रकरण सोपे आहे. पुणे विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र अर्ज केल्याशिवाय घरी येत नाही आणि तू पास झाल्यावर तो अर्ज केलाच नाहीस. तो आता कर आणि अर्जाची पावती तात्पुरत्या प्रमाणपत्रासोबत व सर्व सत्रांच्या गुणपत्रिकांसोबत जोड. आणखी एक बारीकशी गोष्ट आहे. गुणपत्रिकेवर तुझे नाव आडनावापासून सुरू होते आणि आधारवर ते शेवटी येते. आपल्याकडे हे घरोघरी आहे, पण परराज्यातल्या पडताळणीवाल्याला हे नाव वेगळ्या माणसाचे वाटू शकते, म्हणून एका ओळीत तसे लिहून टाक.

कागद स्कॅन करताना संपूर्ण पान येऊ दे. मी एकदा वाकडे आलेले पान सुबक दिसावे म्हणून त्याच्या कडा कापल्या आणि त्यात वरचा पत्रक्रमांकच गेला. त्या कागदात फेरफार झाला आहे का, अशी विचारणा आली आणि मूळ पत्र नेऊन दाखवेपर्यंत माझा आठवडा गेला. प्रत्येक कागदाची वेगळी पीडीएफ कर आणि `Relieving_Letter_July2020.pdf` असे फाइलचे नाव ठेव. `scan0047.pdf` उघडून पाहिल्याशिवाय त्यात काय आहे हे कुणालाच कळत नाही.

उत्तर तू इंग्रजीतच लिहिशील, पण आशय साधारण असा असू दे:

"आपण मागितलेल्या कागदपत्रांपैकी पहिल्या कंपनीची एक्सपिरियन्स व रिलीव्हिंग अशी दोन्ही पत्रे, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र आणि सर्व गुणपत्रिका सोबत जोडल्या आहेत. मूळ पदवी प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे अर्ज केला असून त्याची पावती जोडली आहे. सध्याच्या कंपनीत माझा शेवटचा दिवस 30 तारखेला आहे. राजीनामा स्वीकारल्याचा मेल सोबत आहे आणि रिलीव्हिंग लेटर मिळताच पाठवीन. माझ्या रेझ्युमेत पहिल्या नोकरीची अखेर ऑगस्ट 2020 अशी चुकून लिहिली गेली होती. पत्राप्रमाणे ती 17 जुलै 2020 आहे. पीएफमध्ये 31 जुलै दिसते, म्हणून त्या महिन्याची पे-स्लिप जोडली आहे. सुधारित रेझ्युमेही पाठवत आहे. सध्याच्या कंपनीशी संपर्क कृपया माझ्या शेवटच्या दिवसानंतर करावा."

'चुकून' हा शब्द तेव्हाच लिही, जेव्हा ते खरोखर चुकून झाले असेल. मला तू तसे सांगितले आहेस, म्हणून मी तो ठेवला.

पाठवण्याआधी मेल कोणत्या पत्त्यावरून आला आहे तेही एकदा बघ. ऑफर लेटर ज्या डोमेनवरून आले, तेच हे आहे का? पडताळणीचे काम दुसऱ्या संस्थेला दिलेले असेल, तर तिचे नाव रिक्रूटरला फोन करून विचारून घे. पीएफचा पासवर्ड किंवा ओटीपी फोनवर कुणी मागितला तर देऊ नकोस. सर्व्हिस हिस्टरी स्वतः डाउनलोड करून पाठवता येते. पडताळणीसाठी तुझ्याकडून पैसे मागितले, तर तिथेच थांब आणि मला कळव.

मसुदा आज रात्रीपर्यंत पाठवलास तर उद्या सकाळी वाचून देईन. जुलैची पे-स्लिप मिळाली की नाही, ते मात्र लगेच सांग.