एफडी मोडू की शैक्षणिक कर्ज घेऊ?

प्रश्न: "रावेरला केळीची शेती आहे. मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालं, फी वर्षाला दीड लाख. सहा लाखांची एफडी ७ टक्क्यांनी आहे, बँक १० टक्क्यांनी कर्ज देते. मित्र म्हणतो, कर्ज घे आणि एफडीचे पैसे म्युच्युअल फंडात टाक. काय करू?"

भाऊ, आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढा. सगळं गणित त्यावर फिरतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज-कोर्स केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत बसत असतील, तर शिक्षणाची वर्षं आणि पुढचं एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. मग बेलाशक कर्ज घ्या, एफडीला हात लावू नका आणि सवलत संपली की एफडीतून कर्ज फेडून मोकळे व्हा. पोरीने मध्येच कोर्स सोडला तर मात्र अनुदान जातं.

अनुदान नसेल तर चित्र उलटं. चारही वर्षांची फी कर्जातून भरली, तर शिक्षणाची चार आणि पुढचं एक अशा पाच वर्षांत सरळव्याजाने २,१०,००० रुपये व्याज चढतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं, शेवटच्यावर दोन वर्षांचं. तेच पैसे तेवढाच काळ एफडीत राहिले तर चक्रवाढ धरून १,६७,००० च्या आसपास मिळतील. म्हणजे त्रेचाळीस हजार पदरचे गेले, एफडीच्या व्याजावर कर लागला तर आणखी. व्याजावरच्या ८०ई वजावटीचं आमिष कुणी दाखवलं तर ऐकून सोडून द्या. ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि शेतीच्या उत्पन्नावर मुळात आयकरच नाही, वजावट कशातून घेणार?

तरीही पूर्ण एफडी मोडा असं मी म्हणणार नाही. मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होते, विम्याचे पैसे हातात यायला वेळ लागतो, आणि तेव्हा सावकाराचं व्याज १० टक्के नसतं. म्हणून तीन वर्षांची फी एफडीतून भरा आणि चौथ्या वर्षाची कर्जातून. त्या दीड लाखावर दोन वर्षांचं व्याज तीस हजार, एफडीत ठेवलेल्या दीड लाखाचे येणार बावीस हजार. सात-आठ हजारांत घरात दीड लाख हाताशी राहतात, मला हा सौदा पटतो. एफडी मुदतीआधी मोडली की बँक बहुधा व्याज कापते, तेव्हा ती संपेल तेव्हा फीच्या तारखांप्रमाणे दीड-दीड लाखाचे तुकडे करून ठेवा.

मित्राच्या फंडाचं म्हणाल तर तिथे १२ टक्के परतावा मिळेल ही आशा आहे, कर्जाचे १० टक्के ठरलेले. २००८ साली सेन्सेक्स वर्षभरात अर्ध्याहून खाली आला होता. असं नेमकं हप्ते सुरू व्हायच्या वर्षी झालं तर तोट्यात युनिट विकून हप्ता भरावा लागेल. दहा-बारा वर्षं न लागणारा पैसा असेल तर फंडाचं बोलू, फीचा पैसा तिथे नको.