मामाने पत्रिकेचा कागद आकाशासमोर धरला तेव्हा

प्रश्न : पत्रिकेतली घरं आणि त्यातले आकडे यांचा खऱ्या आकाशाशी काही संबंध असतो का, की तो नुसता कागदावरचा हिशेब असतो? कोणी प्रत्यक्ष आकाश दाखवून शिकवलं असेल तर कृपया सांगा.

संबंध असतो, आणि तो अगदी सरळ आहे. भविष्य खरे ठरते की नाही हा वेगळा प्रश्न असून त्यात मी येथे शिरत नाही. मात्र कुंडलीची आकृती ही एका विशिष्ट ठिकाणाहून, एका विशिष्ट क्षणी दिसणाऱ्या आकाशाचा नकाशा असते. मला हे माझ्या मामाने शिकवले. तो एका लहान प्रकाशकासाठी पंचांगाचे गणित करीत असे आणि आम्ही दादरला एकाच चाळीत राहत असू. त्याचा एकच आग्रह होता : आकाश दाखवता येत नसेल, तर कुंडली वाचता येते असे म्हणू नये.

प्रथम आकड्यांचा घोळ मिटवावा लागतो. महाराष्ट्रात आपण जी चौकटीची कुंडली काढतो, तिच्यातील आकडे घरांचे नसून राशींचे असतात. १ म्हणजे मेष, २ म्हणजे वृषभ, असे मोजत १२ म्हणजे मीन. घरांना आकडे लिहिलेले नसतात, कारण त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. वरचे मधले घर पहिले, म्हणजे लग्न. तेथून डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजत जायचे. डावीकडचे मधले घर चौथे, खालचे मधले सातवे आणि उजवीकडचे मधले दहावे. पहिल्या घरात जो आकडा आहे ती रास त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असते. मग सातवे घर पश्चिम क्षितिज झाले, दहावे माथ्याकडचे आकाश आणि चौथे पायाखालचे, म्हणजे पृथ्वीच्या पलीकडचे, आपल्याला न दिसणारे आकाश.

मामाने हे मला शब्दांत सांगितले नव्हते. २०२० च्या डिसेंबरात गुरू आणि शनी यांची युती होणार होती आणि तिचा दिवस होता २१ डिसेंबर. दोन ग्रहांमधील अंतर एका अंशाच्या सुमारे दहाव्या भागाइतके उरणार होते. इतकी जवळीक यापूर्वी १६२३ साली झाली होती. त्या संध्याकाळी सात वाजताची कुंडली मांडून ठेव, असे त्याने मला सांगितले, आणि ती घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. लग्न मिथुन, म्हणून वरच्या घरात ३. सातव्या घरात ९ आणि त्यात रवी. आठव्यात १०, तेथे गुरू आणि शनी. दहाव्यात १२, तेथे चंद्र आणि मंगळ. सहाव्यात ८, तेथे शुक्र. बुध त्या दिवसांत रवीला इतका चिकटलेला होता की त्याला शोधण्याचा प्रश्नच नव्हता, आणि राहू-केतू हे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाला, जेथे छेदते ते बिंदू असल्यामुळे ते कोणालाच दिसत नाहीत.

“आता दक्षिणेकडे तोंड कर आणि कागद डावीकडे पाव फेरा वळव,” तो म्हणाला. उजवीकडचे दहावे घर वर आले, वरचे लग्न डाव्या हाताला गेले आणि सातवे घर उजव्या हाताला आले. दक्षिणेकडे तोंड केलेल्या माणसाच्या डावीकडे पूर्व असते आणि उजवीकडे पश्चिम, त्यामुळे कागद आणि आकाश एकमेकांशी जुळले. उजव्या हाताला, टाकीच्या थोडे वर, दोन ठिपके जवळजवळ एकच वाटावेत इतके लगटून होते. ते आठवे घर. समोर खूप उंचावर अर्धा चंद्र होता आणि त्याच्या डावीकडे, आणखी वर, तांबूस मंगळ. ते दहावे घर. शुक्र कागदावर क्षितिजाखाली होता, म्हणून आकाशात नव्हता. तो पहाटे सूर्याच्या आधी उगवत असे.

मुंबईत ही युक्ती जवळजवळ वर्षभर चालते, कारण आपण सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहोत आणि सूर्य बहुतेक दिवस माध्यान्ही आपल्या दक्षिणेकडून जातो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र तो भर दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. त्या काळात दुपारच्या कुंडलीसाठी दक्षिणेकडे पाहत उभे राहिलात तर सूर्य तुमच्या पाठीमागे असेल.

मला मात्र एक गोष्ट पटेना. सातवे घर म्हणजे पश्चिम क्षितिज, आणि सूर्य तर सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारासच मावळला होता. मग तो सातला सातव्या घरात कसा? मी विचारले तेव्हा मामाला बरे वाटले असावे, कारण त्याने लगेच पेन काढले. “अगं, घर म्हणजे रेघ नव्हे. घर तीस अंश रुंद आहे. क्षितिजाची रेघ त्या घरातून कुठून जाते ते पाहा.” मांडलेल्या वेळी लग्न मिथुनेच्या साधारण अठराव्या अंशावर होते. त्याच्या बरोबर समोर धनूचा अठरावा अंश, म्हणजे पश्चिम क्षितिज धनू राशीला तेथे कापत होते. रवी धनूच्या सहाव्या अंशावर, म्हणजे त्या रेघेच्या खाली गेलेला. गुरू-शनी मकरेच्या सव्वासहा अंशांवर, म्हणजे रेघेपासून सुमारे अठरा अंश दूर आणि अजून वर. नुसती घरे पाहिली तर रवी मावळला की नाही हे कळत नाही. अंश पाहिले की कळते. छापील पत्रिकेत आकृतीशेजारी ग्रहांचे अंश-कला देतात ते यासाठीच, आणि बहुतेक लोक नेमका तोच तक्ता पाहत नाहीत.

त्यानंतर त्याने मला कुंडलीवरून तिथी काढायला लावली. चंद्र सूर्याच्या जितके अंश पुढे, त्याला बाराने भागायचे; पूर्ण भागाकार म्हणजे संपलेल्या तिथी. एका राशीत अडीच तिथी बसतात, हे लक्षात ठेवले तर कागदही लागत नाही. रवी धनूच्या सहा अंशांवर, चंद्र मीनेच्या जेमतेम दीड अंशावर. धनूपासून मीन तीन राशी, म्हणजे नव्वद अंश, त्यातून साडेचार-पाच वजा. उरले सुमारे पंच्याऐंशी. बारा सत्ते चौऱ्याऐंशी. सात तिथी संपल्या आणि अष्टमी नुकती लागलेली. चंद्र अर्धा दिसत होता, तेही याच्याशी जुळत होते.

पण पंचांगात त्या दिवसापुढे मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी छापलेली होती. चंपाषष्ठी आदल्या दिवशीच झाली होती, त्यामुळे सप्तमीबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पंचांगात दिवसाला जी तिथी देतात ती सूर्योदयाला चालू असलेली तिथी होय, आणि तिच्यापुढे ती किती वाजेपर्यंत आहे ते दिलेले असते. त्या दिवशी सप्तमी दुपारी चारच्या सुमारास संपली होती. तिथीचा शेवट सूर्योदयाशी बांधलेला नसतो. चंद्राची गती कमी-अधिक होते, त्यामुळे एक तिथी कधी वीस तासांच्या आसपास संपते, तर कधी सव्वीस तासांच्याही पुढे जाते. सूर्योदयाच्या थोडे नंतर लागून पुढच्या सूर्योदयाच्या आत संपणाऱ्या तिथीला एकही सूर्योदय मिळत नाही, आणि तोच तिथीचा क्षय. तो सामान्य माणसाला चुकीसारखा वाटतो आणि प्रकाशकाला त्यावरून पत्रे येत असत, असे मामा हसत सांगायचा.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण तुम्ही मोबाइलवर पाहाल तर गोंधळ होईल. पाश्चात्त्य पद्धतीच्या राशीभविष्यात त्या दिवशी गुरू-शनी कुंभेत आहेत असे लिहिले होते, आणि आपल्या पंचांगात ते मकरेत होते. पाश्चात्त्य गणना वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून होते, तर आपली निरयन गणना ताऱ्यांना धरून. चित्रा तारा १८० अंशांवर मानली की दोहोंत सुमारे चोवीस अंशांचा फरक पडतो. त्याला अयनांश म्हणतात आणि तो दर बहात्तर वर्षांनी जवळजवळ एका अंशाने वाढतो. आकाशातील ग्रह एकाच जागी असतात, मोजपट्टीचे शून्य निराळे असते.

या साऱ्याचा व्यावहारिक उपयोग मला पुढे एका पत्रिकेवर कळला. ओळखीच्या एका बाईंनी मुलाची संगणकावर काढलेली पत्रिका मामाकडे आणली. जन्म सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईत, संध्याकाळी सात वाजता. मामाने ती माझ्यापुढे सरकवली आणि काही बोलला नाही. वरच्या घरात ५ होता आणि त्यातच रवी. लग्नी रवी म्हणजे सूर्य पूर्व क्षितिजाजवळ, म्हणजे सकाळ. संध्याकाळी सातला सूर्य नुकता मावळलेला असणार, म्हणून तो सातव्या घरात हवा आणि लग्नी सिंहेऐवजी समोरची कुंभ. वेळ भरताना कोणीतरी सायंकाळऐवजी सकाळ निवडली होती, एवढेच. बारा तासांत चंद्र साधारण सहा-सात अंश सरकतो. त्यामुळे रास बहुधा तीच राहते, नक्षत्र मात्र बदलू शकते, आणि त्या मुलाचे बदललेही होते.

ही तपासणी तुम्हाला कोणत्याही पत्रिकेवर करता येईल. पहाटेचा जन्म असेल तर रवी लग्नाच्या आसपास, भर दुपारचा असेल तर दहाव्याच्या, मध्यरात्रीचा असेल तर चौथ्याच्या. पौर्णिमेचा जन्म म्हणत असतील तर चंद्र रवीच्या समोर हवा. बुध रवीपासून अठ्ठावीस अंशांपलीकडे जात नाही, म्हणून तो रवीच्याच किंवा शेजारच्या घरात असला पाहिजे. शुक्र फार तर दोन घरे दूर जातो.

मात्र या रीतीने बारा तासांची चूक पकडता येते, दहा मिनिटांची नाही. मुंबईत मिथुन रास उगवायला सुमारे सव्वादोन तास लागतात, तर मीन पावणेदोन तासांच्या आत उगवून जाते. त्यामुळे दहा मिनिटांनी लग्न बहुतेक वेळा तेच राहते. पण रास बदलण्याच्या वेळीच जन्म झाला असेल, तर तेवढ्यानेही पहिल्या घरातील आकडा बदलतो आणि त्यापाठोपाठ साऱ्या ग्रहांची घरे सरकतात. लग्नाचे अंश शून्याच्या किंवा तिसाच्या अगदी जवळ दिसले, की मामा कुंडली बाजूला ठेवून आधी रुग्णालयाचा कागद मागवीत असे.