आधी पेल्व्हिस, मग पाय, शेवटी पाठ

पायऱ्या-उतारांवर कॅरॅक्टरचे पाय नीट टेकावेत म्हणून वेगळ्या अ‍ॅनिमेशन क्लिप न बनवता हे सगळं अनरियल इंजिनच्या कंट्रोल रिगमध्येच करायचं ठरवलंस, ते बरोबर केलंस. सुरुवातीला फक्त क्रम पक्का कर.

`Forwards Solve` मध्ये प्रत्येक पावलाच्या वर 50 सेंमीपासून खाली 50 सेंमीपर्यंत `Sphere Trace` टाक. धडकेच्या जागेचा Z म्हणजे त्या पायाचा ऑफसेट. समज, डावा पाय वरच्या पायरीवर आहे, उजव्याखालची पायरी 20 सेंमी खाली आहे. ऑफसेट आले 0 आणि -20. यातला लहान घे आणि `pelvis` तेवढा, म्हणजे 20 सेंमी, खाली आण. आता उजवा पाय जमिनीला पोहोचतो आणि डावा गुडघा आपोआप वाकतो. पेल्व्हिस न हलवता नुसतं आयके लावलंस, तर उजवा पाय ताठ ताणला जाऊन हवेतच राहील.

नवखे हमखास दोन ठिकाणी अडकतात. पहिलं, पाऊल थेट धडकेच्या जागी ठेवतात. मग चालताना पाय उचललाच जात नाही, जमिनीला चिकटल्यासारखा घसरतो. मूळ पोझच्या उंचीत ऑफसेट *मिळवायचा*. दुसरं, ऑफसेट इंटरपोलेट करत नाहीत, त्यामुळे पायरीच्या कडेला अख्खं शरीर झटका खातं. उडी मारताना ऑफसेट हळूहळू शून्यावर आण.

पाठीला सर्वांत शेवटी हात लाव. चढावर 9 अंश पुढे झुकवायचं असेल तर `spine_01` ते `spine_03` मध्ये तीन-तीन अंश वाट. एकाच हाडावर टाकलंस तर कंबर मोडल्यासारखी दिसते. फुल बॉडी आयके सध्या राहू दे.